ओटीतल्या ब्लाउजपीसांवरून ओळखा आपला अंडरटोन

ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायका माप देता देता एक तक्रार हमखास करतात. "ताई, दुकानात हा रंग काय सुंदर दिसत होता! घरी येऊन नेसले तर सगळे विचारायला लागले, बरं नाही का म्हणून." कापडात खोट नसते आणि तिच्या चेहऱ्यातही नसते. कापडाचा कल एकीकडे आणि त्वचेचा कल दुसरीकडे, एवढंच झालेलं असतं. हा कल म्हणजेच अंडरटोन. तो घरच्या घरी कसा ओळखायचा ते सांगते. विकत काही आणायचं नाही. हळदीकुंकवाला, ओटीत आलेले ब्लाउजपीस कपाटात साठलेले असतीलच, ते बाहेर काढा.

आधी एक गोंधळ दूर करू. आपण त्वचेच्या रंगाबद्दल बोलतो ते फक्त उजळ-गडद या मापात: गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी. अंडरटोन हे माप नाही. त्वचेच्या रंगात मुख्य वाटा मेलॅनिनचा, त्याखालून डोकावणाऱ्या रक्ताचा आणि थोडा कॅरोटिनचा, म्हणजे गाजर-आंब्यातल्या पिवळ्या द्रव्याचा. मेलॅनिन किती, यावर त्वचा गडद की उजळ हे ठरतं. या सगळ्याचं मिश्रण पिवळ्या-सोनेरीकडे झुकतं की गुलाबी-निळसरकडे, यावर अंडरटोन ठरतो. पहिला उबदार म्हणजे वॉर्म, दुसरा थंड म्हणजे कूल. म्हणून दोन सख्ख्या बहिणी सारख्याच सावळ्या असूनही एकीला अबोली खुलतो आणि दुसरीला तोच रंग मारून टाकतो. "सावळी म्हणजे वॉर्मच" हा समज तर साफ चुकीचा आहे. गडद सावळ्या आणि कूल अशा कितीतरी मुली मी पाहिल्या आहेत, आणि आयुष्यभर त्यांना कोणी ना कोणी चुकीचे रंग घ्यायला लावलेले असतात.

आणखी एक. माणसाची त्वचा कुठलीही असो, ती रंगचक्रात लाल-केशरी-पिवळ्याच्या पट्ट्यातच असते. निळी त्वचा कोणाची नसते. कूल म्हणजे त्या पट्ट्यात जरा लाल-गुलाबीकडे, वॉर्म म्हणजे जरा पिवळ्याकडे. फरक बारीक असतो, म्हणूनच नुसतं आरशात बघून कळत नाही. शेजारी कापड धरावं लागतं.

कापड शेजारी आलं की काय होतं, हे पॅरिसच्या एका रंगशाळेत नीट कळलं. मिशेल शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ 1824 मध्ये तिथल्या गोबेलँ या गालिचे-पडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख झाला. काळा धागा फिका पडतो अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासलं, तर धाग्याचा रंग ठीक होता, शेजारच्या रंगांमुळे तो तसा दिसत होता. दोन रंग शेजारी आले की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून दाखवतो, हा त्याचा निष्कर्ष 1839 मध्ये छापून आला. आपल्या कामाचा अर्थ असा: निळसर गुलाबी कापड पिवळसर त्वचेशेजारी धरलं की त्वचा आणखी पिवळी दिसते, कावीळ झाल्यासारखी. आणि केशरी कापड गुलाबीकडे झुकणाऱ्या त्वचेशेजारी धरलं की ती त्वचा निळसर-राखट दिसते. "आजारी दिसते" या तक्रारीचं मूळ हे.

आता तयारी. ही नीट केली नाही तर पुढचं सगळं फुकट.

सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान खिडकीजवळ बसा. ऊन थेट तोंडावर नको, नुसता उजेड हवा. उत्तरेची खिडकी असेल तर उत्तम. खोलीतले दिवे बंद करा. घरातले पिवळे दिवे साधारण 3000 केल्व्हिनचे असतात, त्यांच्या उजेडात सगळ्यांचीच त्वचा सोनेरी दिसते. पांढरी ट्यूबलाइट 6500 च्या आसपास असते, ती निळसर करते. साड्यांच्या दुकानात पिवळे दिवे का लावतात हे एव्हाना लक्षात आलं असेल. मॅचिंग सेंटरवाले मात्र या बाबतीत प्रामाणिक असतात. टू बाय टूची शेड काढून देतात आणि स्वतःच म्हणतात, "बाहेर उजेडात बघून घ्या." दिव्याखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे निघतात, हे त्यांनी हजारदा पाहिलेलं असतं.

भिंतीकडेही बघा. माझी एक चूक सांगते. पूर्वी मी ज्या खोलीत काम करायची, तिच्या भिंती फिकट हिरव्या होत्या. एका बाईंना मी छातीठोकपणे वॉर्म ठरवलं आणि मोहरीच्या रंगाचं ब्लाउज सुचवलं. त्यांनी ते एकदाच घातलं. पुढे त्या दारात उभ्या असताना बाहेरच्या उजेडात मला त्यांचा खरा रंग दिसला, स्वच्छ गुलाबीकडचा. मी भिंतीचा हिरवा उजेड त्यांच्या त्वचेचा पिवळेपणा समजले होते. तेव्हापासून भिंत रंगीत असेल तर मागे पांढरी चादर लावते आणि दुसरी पांढरी चादर खांद्यावरून पांघरायला देते, म्हणजे अंगातल्या कपड्याचा रंगही मध्ये येत नाही.

चेहरा धुतलेला हवा, पावडर-क्रीम काही नको. टिकली, कानातलं, मंगळसूत्र काढून ठेवा. केसांना मेंदी लावत असाल तर केस पांढऱ्या रुमालाने झाका, नाहीतर तो तांबूस रंग चेहऱ्याला वॉर्म भासवतो. नुकतीच अंघोळ केली असेल, जिना चढून आला असाल तर अर्धा तास थांबा, चेहरा लाल असतो. आणि हळदीचं उटणं लावल्यावर दोन-तीन दिवस ही परीक्षा करूच नका. नवरीला हळदीनंतर साडी दाखवायला आणतात तेव्हा मी कपाळाला हात लावते.

मनगटाच्या शिरांचं काय, असं कोणीतरी विचारणारच. शिरा निळ्या तर कूल, हिरव्या तर वॉर्म, ही युक्ती सगळीकडे सांगतात. शिरेतलं रक्त गडद लालच असतं. शिरेच्या जागेवरून आजूबाजूच्या त्वचेपेक्षा कमी लाल उजेड परत येतो, म्हणून ती निळसर भासते. शीर किती खोल आहे आणि वर मेलॅनिन किती आहे, यावर ती निळी की हिरवी की दिसतच नाही, हे बदलतं. गोऱ्या हातावर थोडाफार अंदाज येतो. सावळ्या हातावर बहुतेक वेळा शीर हिरवट दिसते, मग अंडरटोन काही का असेना. मी ही परीक्षा धरत नाही. सोनं-चांदीचीही नाही, कारण सोनं बघायची आपल्या डोळ्याला लहानपणापासून इतकी सवय आहे की ते सगळ्यांनाच शोभतं असं वाटतं.

खरी परीक्षा जोड्यांची. एकाच रंगाच्या दोन छटा घ्यायच्या, एक उबदार आणि एक थंड. दोन्ही सारख्याच गडद आणि सारख्याच भडक हव्यात. इथेच बहुतेक जण चुकतात. फिकट अबोली आणि गडद राणी शेजारी धरतात, राणी उठून दिसतो, आणि निकाल "कूल". खरं तर त्यांनी फिकट विरुद्ध गडद एवढंच तपासलेलं असतं.

ढिगाऱ्यातून या चार जोड्या निघतात का बघा. लालमध्ये टोमॅटोचा किंवा शेंदरीकडे जाणारा लाल, आणि समोर डाळिंबाच्या दाण्यासारखा, किंचित गुलाबीकडचा लाल. फिकटमध्ये अबोली आणि समोर बेबी पिंक. हिरव्यात मेंदीचा किंवा शेवाळी हिरवा, समोर रामा हिरवा. चौथी जोडी पांढऱ्याची: एक मोतिया किंवा मलईसारखा पांढरा, दुसरा नीळ दिलेला पांढराशुभ्र. कल ओळखायला जमत नसेल तर दोन्ही कापडं पांढऱ्या कागदावर एकमेकांना लावून ठेवा आणि विचारा, यातल्या कोणात पिवळा जास्त मिसळलाय? तो उबदार. पिवळ्यातही असे दोन कल असतात. हळदीचा पिवळा केशरीकडे, म्हणून उबदार. लिंबाचा पिवळा हिरव्याकडे, म्हणून थंड. पिवळा म्हणजे वॉर्म असं सरसकट नाही.

कापड सुती घ्या. रेशीम आणि सॅटिन चमकतात आणि आपला रंग थेट हनुवटीखाली फेकतात, त्यामुळे नवशिक्या डोळ्याला काही उमगत नाही. धूपछाव तर अजिबातच नको. त्यात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्याचा असतो, घडी वळली की रंग बदलतो.

ब्लाउजपीस हनुवटीच्या अगदी खाली, गळाभर पसरून धरा. आरशासमोर बसा, आणि शक्य असेल तर मदतीला एक माणूस घ्या, जो झटपट एक कापड काढून दुसरं लावेल. झटपट हे महत्त्वाचं. मध्ये मिनिटभर गेलं की डोळा आधीचं विसरतो. कापडाकडे बघू नका. ते कठीण जातं, कारण आवडता रंग नजर खेचतो. फक्त तीन जागा बघा: डोळ्यांखालची वर्तुळं, ओठांच्या कडेची काळसर छाया, आणि जबड्याची कड. चुकीचं कापड आलं की वर्तुळं खोल जातात, तोंडाभोवतीची छाया पसरते, जबड्याखाली राखट किंवा पिवळट पट्टा येतो. बरोबर कापड आलं की या तिन्ही जागा शांत होतात, ओठांचा रंग वेगळा उमटतो, आणि नजर आधी डोळ्यांवर जाते, कापडावर नंतर. प्रत्येक जोडीचा निकाल कागदावर लिहा. चारपैकी तीन एकाच बाजूला गेल्या तर तो तुमचा कल.

मोबाइलवर फोटो काढून ठरवू नका. कॅमेरा समोरच्या रंगाप्रमाणे स्वतःच व्हाइट बॅलन्स बदलतो. केशरी कापड धरलं की तो सगळं चित्र जरा निळं करतो, आणि त्याबरोबर तुमची त्वचाही. दोन फोटोंमध्ये बदललेला चेहरा कापडामुळे बदलला की कॅमेऱ्यामुळे, हे सांगता येत नाही. फोटो हवाच असेल तर प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स एका आकड्यावर बांधून ठेवा.

गेल्या वर्षी एक काकू मुलीला घेऊन आल्या. साखरपुडा होता. मुलगी चांगली गडद सावळी, केस काळेभोर. साडी ठरलेली: हळदीच्या रंगाची, राणी काठांची. सोबत ब्लाउजसाठी पिस्ता रंगाचं कापड.

"ताई, हिला फिकटच शोभतं ना? गडद घातलं की अजून काळी दिसते."

मुलगी खाली बघत होती. मी तिला खिडकीत बसवलं, पांढरी चादर पांघरली. पहिली जोडी अबोली आणि बेबी पिंक. दोन्हींत फार फरक दिसेना, दोन्ही तिच्यापासून सुटे वाटत होते, वरून ठेवल्यासारखे. हे मी सोडून दिलं. त्वचा गडद असेल तर फिकट जोडी नीट बोलत नाही. मग लालची जोडी. शेंदरी लाल लावला आणि ओठांभोवती राखेचं बोट फिरवल्यासारखी कड उमटली. लगेच डाळिंबी लावला, ती कड गेली. काकू उठून जवळ आल्या. "पुन्हा लावा बघू." पुन्हा लावला, पुन्हा तेच. हिरव्यात शेवाळीने डोळे आत गेले, रामा हिरव्याने वर आले. पांढऱ्यात शुभ्र सरळ जिंकला, मोतियाने चेहरा मळल्यासारखा दिसला. चारपैकी तीन कूल, एक अनिर्णित.

आणि साडी हळदीची, चांगलीच उबदार. परत करायची नव्हती, काकूंनी आणि मुलीच्या आत्याने मिळून घेतलेली. मी म्हटलं, साडी राहू दे. चेहऱ्याला साडीचा घेर भेटतच नाही. चेहऱ्याशी बोलतो तो गळा आणि डाव्या खांद्यावरचा पदर. पिस्ता बाजूला ठेवला आणि ब्लाउज काठाच्या राणी रंगाचं, गळा फार खोल न ठेवता, म्हणजे रंग मानेजवळ राहील. पदराच्या निऱ्या अरुंद घालून पिनअप करायला सांगितलं, अशा की खांद्यावर काठच वर येईल आणि हळदीचा भाग छातीपासून खाली जाईल. काकूंना "राणी फार भडक होईल" ही धास्ती शेवटपर्यंत होती. ट्रायलच्या दिवशी मुलगी आरशासमोर जरा जास्त वेळ उभी राहिली, मग म्हणाली, "आई, मी काळी नाही दिसत आहे, मी मी दिसतेय." काकू काही बोलल्या नाहीत, पण जाताना दुसरं एक जांभळं कापड टाकून गेल्या.

म्हणून निकाल लागल्यावर कपाट रिकामं करू नका. पायजमा, सलवार, साडीचा घेर कुठल्याही कलाचा चालतो. गळ्याजवळ येणारं तेवढं सांभाळा: ब्लाउज, ओढणी, शर्टाची कॉलर. पुरुषांना तर हे आणखी सोपं, कॉलर ठीक असली की पँट काही का असेना.

वॉर्म निघालात तर हळदी, मोहरी, विटकरी, अबोली, शेवाळी, मेंदी, मोतिया, आणि तपकिरीत बदामी-चॉकलेटी. कूल निघालात तर राणी, डाळिंबी, जांभळा, वाइन, रामा हिरवा, लिंबू पिवळा, राखाडी, शुभ्र पांढरा. आवडता रंग यादीत नसेल तर तो सोडायचा नाही, त्याची आपल्या बाजूची छटा शोधायची. गुलाबी हवाय आणि वॉर्म आहात, तर अबोलीकडचा गुलाबी घ्या. मोरपंखी, जर्द लाल आणि गडद वांगी हे मध्ये बसणारे रंग आहेत, दोन्हीकडच्या बहुतेकांना चालतात. कोणाला भेट द्यायची असेल आणि काही माहीत नसेल तर मी मोरपंखी काढते.

दोन जोड्या इकडे, दोन तिकडे गेल्या तर तुम्ही न्यूट्रल, आणि अशी माणसं पुष्कळ असतात. तुम्हाला कल फारसा अडवत नाही. तुम्ही बघायचं ते भडकपणा आणि गडदपणा. पण चारही जोड्यांत दोन्ही कापडं वाईट दिसली तर? अनेकदा ती ऑलिव्ह त्वचा असते, जिच्यात किंचित हिरवट-राखट झाक असते, आणि आपल्याकडे ती बरीच दिसते. तिला शुद्ध केशरीही मानवत नाही आणि निळसर गुलाबीही. जोड्या पुन्हा काढा, पण या वेळी जरा मळलेल्या, दबलेल्या छटांच्या: विटकरी विरुद्ध अंजिरी, शेवाळी विरुद्ध राखट हिरवा. तिथे निकाल लागतो.

उन्हाने रापलेल्या चेहऱ्याबद्दल शेवटचं. शेतात, साइटवर किंवा दुचाकीवर दिवस काढणाऱ्यांचा चेहरा गळ्यापेक्षा दोन छटा गडद असतो आणि कपाळ त्याहून वेगळं. रापल्याने गडदपणा वाढतो, मूळचा कल सहसा तोच राहतो. शंका आली तर कापड कॉलरबोनखाली, ऊन न लागलेल्या त्वचेवर लावून बघा, आणि त्याच चार जोड्या फिरवा.